फोटोतला आकडा मराठी की इंग्रजी? पाट्या आणि पावत्यांवरच्या तारखा, फोन नंबर उतरवताना

सोलापुरात चाटी गल्लीतून नवी पेठेकडे चालत गेलं आणि दुकानांच्या पाट्यांचे फोटो काढत राहिलं, तर एक गोष्ट लगेच दिसते. एकाच पाटीवर वर 'स्थापना १९६२' असं मराठी आकड्यांत असतं आणि खाली मोबाईल नंबर इंग्रजी आकड्यांत. शेजारच्या पाटीवर नेमकं उलटं. तिसरीवर फोन नंबरचा अर्धा भाग जुन्या रंगाचा आणि मराठी, उरलेला नंतर चिकटवलेल्या स्टिकरचा आणि इंग्रजी. हे फोटो पाहून त्यांवरचा मजकूर संगणकात उतरवायला चार जण बसले, तर चौघांच्या हातून आकडे चार तऱ्हांनी उतरतात. कुणी सगळं मराठी करतो, कुणी सगळं इंग्रजी. कुणी कीबोर्डवर जे आधी येईल ते टाकतो, आणि कुणी खरोखर पाहून लिहितो.

संगणकाला १ आणि 1 ही दोन वेगळी अक्षरं आहेत. युनिकोडमध्ये मराठी आकड्यांची जागा U+0966 ते U+096F अशी आहे आणि इंग्रजी आकड्यांची U+0030 ते U+0039. म्हणून बहुतेक प्रोग्रॅममध्ये 1962 शोधलं तर १९६२ सापडत नाही. यादी युनिकोडच्या क्रमाने लावली तर इंग्रजी आकड्यांच्या ओळी आधी येतात आणि मराठी आकड्यांच्या त्यांच्या मागे, त्यामुळे वर्षं एकसारखी असूनही यादीची दोन तुकड्यांत वाटणी होते. एकदा असं मिसळलं की कोणता आकडा पाटीवर खरोखर मराठी होता आणि कोणता टंकणाऱ्याने मराठी केला, हे फोटो पुन्हा उघडल्याशिवाय कळत नाही.

(इथे 'इंग्रजी आकडे' हा बोलण्यातला शब्द वापरला आहे. राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमात त्यांनाच 'भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप' म्हटलं आहे, आणि उगमाच्या दृष्टीने ते नाव जास्त बरोबर आहे.)

आधी दोन रकाने करा

सगळ्या वादाचं मूळ एकच असतं. एकाच रकान्याकडून दोन कामांची अपेक्षा ठेवली जाते. फोटोत काय दिसलं हे जपायचं असतं, आणि तो नंबर किंवा ती तारीख शोधता यावी, क्रमाने लावता यावी हेही हवं असतं. ही दोन कामं वेगळी करा. पहिल्या रकान्याला 'दिसतं तसं' म्हणा, दुसऱ्याला 'अर्थ'.

'दिसतं तसं' या रकान्यात आकडा ज्या लिपीत दिसतो त्याच लिपीत जातो. तारीख १५/८/९८ अशी असेल तर १५/८/९८. तिचं 1998 करायचं नाही, शून्य जोडून ०८ करायचं नाही, तिरकी रेघ काढून आडवी करायची नाही. पाटीवर ३१ जूनसारखी अशक्य तारीख रंगवलेली असली, तरी तीही तशीच जाते.

'अर्थ' या रकान्यात मात्र सगळं एका ठरलेल्या साच्यात आणि फक्त इंग्रजी आकड्यांत लिहा. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे 1998-08-15. फोन नंबर मधल्या मोकळ्या जागा आणि रेघा काढून सलग. इथे इंग्रजी आकडे घेण्यामागे मराठीबद्दल अनादर नाही. शोधणं, क्रम लावणं आणि दुसऱ्या प्रोग्रॅमला माहिती देणं ही कामं बहुतेक साधनांत इंग्रजी आकडे धरूनच होतात. शिवाय पहिला रकाना शाबूत असल्यामुळे काहीही हरवत नाही.

हे ठरलं की निम्मे प्रश्न सुटतात. उरतो तो खरा अवघड भाग: दिसणारा आकडा नक्की कोणत्या लिपीतला आहे, हे ओळखायचं कसं?

निर्णय एकेका नंबरचा, अख्ख्या पाटीचा नाही

पाटी मराठी आहे म्हणून तिच्यावरचे आकडेही मराठीच असतील, असं धरू नका. तारीख, स्थापनेचं वर्ष आणि दूरध्वनी क्रमांक मराठीत असताना मोबाईल नंबर इंग्रजीत असणं अगदी नेहमीचं आहे. त्यामागे छपाईचं साधं कारण आहे. युनिकोडपूर्वीच्या अनेक मराठी फाँटमध्ये 1 ची कळ दाबली की १ चं चित्र उमटत असे. डीटीपीवाला मराठी ओळ टंकत असेल तर त्यातले आकडे आपोआप मराठी यायचे. त्याने नंबरसाठी फाँट बदलला तरच ते इंग्रजी व्हायचे. म्हणून लिपी बहुतेक वेळा फाँट जिथे बदलला तिथे बदलते, आणि फाँट सहसा नंबराच्या सुरुवातीला बदलतो, अधेमधे नाही.

यातून कामाचा नियम मिळतो. एक सलग छापलेला नंबर एका लिपीतला असतो, असं धरून चाला आणि त्याला अपवाद करायला पुरावा मागा. पुरावा म्हणजे रंग बदललेला, अक्षराची जाडी बदललेली, स्टिकरची कड दिसणारी किंवा छापील मजकुरात पेनाने लिहिलेला भाग.

साक्षीदार आकडे आणि मुके आकडे

दहाही आकडे सारखी माहिती देत नाहीत. काही आकडे पाहताच लिपी कळते. मराठीतले ५, ६ आणि ८ यांच्यासारखं दिसणारं इंग्रजीत काही नाही. ६ हा 3 चं आरशातलं रूप वाटला तरी त्याचं तोंड उजवीकडे असतं. इंग्रजीच्या बाजूने 4, 5 आणि 7 असेच स्पष्ट आहेत. हे साक्षीदार आकडे. नंबरात यांपैकी एक जरी स्वच्छ दिसला, तरी त्या नंबराची लिपी ठरली.

शून्य मात्र मुका आहे. ० आणि 0 यांच्यात फोटोत फरक करता येईल असं काहीच नसतं. इंग्रजी शून्य थोडा उभट आणि मराठी शून्य गोल, लहान असतो, पण पाटी रंगवणाऱ्याच्या ब्रशला ही शिस्त नसते. म्हणून शून्याचा निर्णय शून्याकडे पाहून कधीच घेऊ नका. तो ज्या नंबरात बसला आहे त्याच्या साक्षीदारांकडे पाहा, आणि साक्षीदार मराठी असतील तर शून्यही मराठी लिहा. उतरवलेल्या मजकुरात सर्वांत जास्त चुका इथेच सापडतात: नंबर सगळा मराठी आणि मधला शून्य तेवढा इंग्रजी. पडद्यावर तो डोळ्याला खटकत नाही, म्हणून तो तसाच राहून जातो.

२ आणि ३ अर्धे मुके आहेत. छापील २ ची शेपटी खाली तिरकी जाते, 2 चा तळ सपाट असतो. छापील ३ ला खाली शेपूट असतं, 3 ला नसतं. छापील मजकुरात एवढ्यावर भागतं, हस्ताक्षरात भागत नाही.

सर्वांत घातक जोड्या वेगळ्याच आहेत, कारण त्यांत लिपी चुकली की आकडाच बदलतो. मराठी १ आणि इंग्रजी 9 यांचा आकार जवळजवळ सारखा असतो: वर गोल आणि खाली शेपूट. रंगवलेल्या पाटीवर आणि रबरी शिक्क्यात हा गोंधळ हमखास होतो. मराठी ४ चा वरचा भाग उघडा असतो, पण रंग पसरून तो बुजला की तो इंग्रजी 8 होतो. मराठी ७ पुसट झाला की इंग्रजी 6 वाटतो. इथे आकाराकडे पाहत बसण्यापेक्षा नंबराची घडण मदतीला घ्या. भारतातला मोबाईल नंबर दहा अंकी असतो आणि त्याचा पहिला अंक 6, 7, 8 किंवा 9 असतो. तेव्हा मोबाईल नंबराच्या सुरुवातीला १ सारखं काही दिसलं, तर तो मराठी एक असू शकत नाही. तो इंग्रजी नऊ आहे, आणि त्याच्यामागचे शून्यही इंग्रजी आहेत.

५, ८ आणि ९ यांची मराठीत वापरायची वळणं आणि उत्तरेकडच्या छपाईतली वळणं थोडी वेगळी असतात. जुन्या टाइपांत दोन्ही सापडतात. वळण वेगळं असलं तरी युनिकोड एकच आहे, म्हणून नेहमीचा ५, ८ किंवा ९ टंका. वेगळं चिन्ह शोधत बसू नका.

अक्षरांशीही गोंधळ होतो. 'र' आणि २, 'उ' आणि ३ या जोड्या हस्ताक्षरात एकमेकींच्या जागी वाचल्या जातात. 'फोन' या शब्दानंतर आलेले दोन ठिपके उतरवताना काही जण विसर्गाची कळ दाबतात आणि 'फोनः' असं टंकतात. पुढे आकडे येत असतील तर ते दोन ठिपके म्हणजे अपूर्णविराम समजा आणि ':' हेच चिन्ह वापरा, नाहीतर शोधताना 'फोन' हा शब्दच निसटतो.

एक पावती, पहिल्या ओळीपासून

बाळी वेस भागातल्या एखाद्या मंडळाची गड्डा यात्रेच्या दिवसांतली वर्गणी पावती समजा. फाईलमध्ये लावलेली, कडेला पंचिंग मशीनचं भोक पडलेलं. अशा एका पावतीवर चार हात काम करतात: छापखान्याचा टाइप, पावती क्रमांकाचं नंबरिंग मशीन, पैसे घेणाऱ्याचं पेन आणि नंतर मारलेला रबरी शिक्का. म्हणून सरावासाठी पावतीइतकी चांगली वस्तू दुसरी नाही. फोटोत दिसतं ते असं, □ म्हणजे वाचता न आलेला अंक:

```
स्थापना : १९७१
पावती क्र. 0347
दि. 14/1/२०24
रु. 501/-
फोन : (०२१७) २७२□□६४
मो. 98□□0 □0□50
```

स्थापनेच्या वर्षात ५, ६ आणि ८ पैकी एकही साक्षीदार नाही. पण ७ छापील आणि स्वच्छ आहे, आणि त्याच ओळीतली अक्षरं त्याच टाइपची, त्याच शाईची आहेत. १ हा 9 आहे का, हा प्रश्न इथे सुटतो: त्याच्या शेजारी खरा ९ उभा आहे, त्याचं तोंड वेगळीकडे आहे, आणि '9' ने सुरू होणारं चार अंकी स्थापना वर्ष असूच शकत नाही. निर्णय: १९७१, सगळं मराठी.

पावती क्रमांक लाल किंवा निळ्या शाईत आणि किंचित तिरका आहे. तो नंबरिंग मशीनचा. या मशीनची चाकं इंग्रजी आकड्यांची असतात, आणि इथे 4 आणि 7 ही साक्ष देतात. पुढचा शून्य क्रमांकाचा भाग आहे. तो ठेवा, आणि इंग्रजीच लिहा.

आता तारीख. याच ओळीत लोक अडकतात. छापखान्याने 'दि.   /   /२०' एवढं छापून जागा सोडली होती, आणि पैसे घेणाऱ्याने त्या जागा पेनाने भरल्या. म्हणजे वर्षाचा पहिला अर्धा छापील आहे, दुसरा हाताचा. छापील २ ची शेपटी तिरकी आहे आणि टाइप स्थापनेच्या ओळीशी जुळतो, म्हणून '२०' मराठी, त्यातल्या शून्यासकट. पेनाच्या भागात 4 वरून बंद आणि कोनाचा आहे. मराठी ४ असता तर खाली फास आणि वर उघडी टोकं असती. तेव्हा पेनाचे सगळे आकडे इंग्रजी, आणि मुका 2 ही त्यांच्याबरोबर इंग्रजी. 'दिसतं तसं' मध्ये 14/1/२०24 हेच जातं. दिसायला विचित्र आहे, पण कागदावर तसंच आहे. ते 'नीट' करण्याचा मोह आवरा, कारण छापील कुठलं आणि हाताचं कुठलं हे त्या विचित्रपणातच नोंदवलं गेलं आहे. 'अर्थ' मध्ये 2024-01-14.

रक्कम 501/- मध्ये 5 साक्षीदार आहे. ही ओळ आणखी एका कामाची असते. समजा तारीख 2/3/20 अशी, सगळी मुक्या आकड्यांची असती, तर त्याच हाताने लिहिलेल्या रकमेतला 5 पाहून तारखेची लिपी ठरवता आली असती. हस्ताक्षरात साक्षीदार त्याच ओळीत असलाच पाहिजे असं नाही, पण हात तोच असला पाहिजे.

फोनच्या ओळीत २ आणि ० मुके असले तरी १, ७, ६ आणि ४ छापील आहेत आणि सगळी ओळ मराठी टाइपची आहे. ०२१७ हा सोलापूरचा एसटीडी कोड. पुढचा शून्य सोडला तर कोडचे तीन आणि स्थानिक नंबराचे सात मिळून दहा अंक होतात. इथे पाच दिसतात, दोन भोकात गेले. जितके अंक गेले तितक्या चौकटी काढा, ना एक जास्त ना एक कमी. किती गेले हे भोकाच्या रुंदीवरून आणि या दहाच्या हिशोबावरून दोन्हीकडून तपासा. दोन्ही जुळले नाहीत तर शेरा लिहा. 'अर्थ' मध्ये 0217272□□64.

मोबाईल नंबर शिक्क्याचा आहे. 9 आणि 8 वाचता येतात, शेवटून दुसरा 5 स्पष्ट इंग्रजी आहे, म्हणून सगळे शून्य इंग्रजी. पुसट झालेल्या अंकांच्या जागी चौकटी. त्या मंडळाचा नंबर दुसरीकडून शोधून चौकटी भरू नका. 'दिसतं तसं' हा रकाना या एका फोटोचा आहे, आणि त्या मंडळाचा नंबर आज दुसराच असू शकतो.

साक्षीदारच नसेल तर

कधी कधी खरंच काही सापडत नाही. पाटीवर एकटंच 'सोलापूर - २' लिहिलेलं असतं (हा पिनकोडचा जुना सुटसुटीत प्रकार, म्हणजे 413002, घर क्रमांक नव्हे) आणि तो २ ब्रशने असा काढलेला असतो की दोन्ही बाजूंना बसेल. अशा वेळी क्रम ठरवून ठेवा. आधी त्याच हाताचे किंवा त्याच टाइपचे दुसरे आकडे पाहा. ते नसतील तर लगतच्या अक्षरांची लिपी घ्या: मराठी शब्दाला चिकटून आलेला आकडा मराठी, इंग्रजी शब्दाला चिकटून आलेला इंग्रजी. आणि शेऱ्याच्या रकान्यात 'लिपी अनिश्चित' असं लिहा. हा शेरा कमीपणाचा नाही. पुढे कुणाला आकड्यांच्या वापराची मोजणी करायची असेल, तर अशा ओळी बाजूला काढता आल्या पाहिजेत.

अंदाजाला इथे मर्यादा आहे. लिपीचा अंदाज शेरा लिहून चालतो, अंकाचा अंदाज चालत नाही. तो 1 आहे की 7 हे कळत नसेल तर चौकट काढा.

तारखांमधले सापळे

पत्रिकांवर आणि कार्यक्रमांच्या फलकांवर दोन वर्षं शेजारी शेजारी असतात, 'शके १९४५' आणि 'सन २०२४'. 'शके' हा शब्द फोटोच्या बाहेर कापला गेला तर १९४५ हे इसवी सन समजून 'अर्थ' मध्ये 1945 लिहिलं जातं. त्याचा पडताळा सोपा आहे. गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, आणि जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. जानेवारीतल्या फलकावर १९४५ आणि २०२४ एकत्र दिसले तर फरक बरोबर ७९ आहे, म्हणजे पहिलं वर्ष शकाचं. 'अर्थ' मध्ये इसवी सनाचीच तारीख लिहा आणि शक फक्त 'दिसतं तसं' मध्ये राहू द्या.

दोन अंकी वर्ष आलं आणि शतक ठरवायला फोटोत आधार नसेल, तर 'अर्थ' मध्ये वर्षाच्या जागी □□98 असं लिहा. महिना-दिवसाचा क्रम आपल्याकडे दिवस आधी असाच धरा. संगणकाच्या अमेरिकी सेटिंगने 5/8 चा मे महिना केला, तर तो दोष फोटोचा नाही.

जुन्या पाट्यांवरचे लँडलाईन नंबर सातपेक्षा कमी अंकांचे असू शकतात. पाटी रंगवली तेव्हा नंबर तेवढाच होता. पुढे २ लावून तो 'आजचा' करू नका. 'अर्थ' मध्येही आहे तेवढेच अंक ठेवा आणि 'जुना नंबर' असा शेरा द्या.

टंकताना आणि साठवताना

काम सुरू करण्याआधी आपला कीबोर्ड कोणते आकडे देतो ते तपासा. मराठी कीबोर्डवर वरच्या ओळीतून काही ठिकाणी मराठी आकडे येतात, काही ठिकाणी इंग्रजी. फोनवर आकड्याची कळ दाबून धरल्यावर दुसरी लिपी मिळते. पडद्यावर विश्वास ठेवू नका. विंडोज आणि वर्ड यांत आकडे स्थानिक लिपीत दाखवायची सेटिंग असते, आणि ती चालू असेल तर आत 1 साठवलेला असूनही १ दिसू शकतो. खात्रीचा मार्ग पायथॉनमध्ये एका ओळीचा आहे:

```
print(ascii("१ 4"))
```

उत्तर `'\u0967 4'` असं येतं. मराठी आकडा \u ने सुरू होणाऱ्या कोडमध्ये दिसतो आणि इंग्रजी आकडा जसाच्या तसा.

एक्सेल वापरत असाल तर आकडे चिकटवण्याआधी ते रकाने 'टेक्स्ट' प्रकारचे करा. नंतर केलं तर उपयोग नाही. तोपर्यंत 0217 चा पुढचा शून्य गेलेला असतो आणि 14/1 ची तारीख होऊन बसलेली असते. पावती क्र. 0347 चं 347 होणं हीही त्यातलीच चूक, आणि ती नंतर डोळ्यांनी सापडत नाही.

फोनने किंवा एखाद्या प्रोग्रॅमने फोटोतून आधीच काढून दिलेला मजकूर हाताशी असेल, तर आकडे तेवढे पुसून पुन्हा स्वतः टंका. अक्षरं दुरुस्त करत जाणं चालतं, कारण चुकलेला शब्द वाचताना अडखळायला होतं. चुकलेला नंबर वाचताना कुठेच अडखळायला होत नाही.

पन्नास फोटोंनंतरची तपासणी

एक गठ्ठा झाला की 'दिसतं तसं' रकान्यात हे शोधा. शोधण्याच्या खिडकीत रेग्युलर एक्स्प्रेशनची खूण चालू ठेवा:

```
[०-९][ ./()□-]*[0-9]|[0-9][ ./()□-]*[०-९]
```

एकाच नंबरात दोन लिप्या आल्या असतील ती प्रत्येक जागा यात सापडते. मराठी नंबरात शिरलेले इंग्रजी शून्य इथे रांगेने बाहेर येतात. वरच्या पावतीची तारीखही सापडेल, आणि ती बरोबर आहे. म्हणून सापडलेलं एकगठ्ठा बदलू नका, प्रत्येकाचा फोटो उघडा. मोकळ्या जागेने वेगळे झालेले दोन स्वतंत्र नंबरही कधी कधी यात येतील, ते सोडून द्या. पायथॉनमध्ये \d दोन्ही लिप्यांचे आकडे पकडतं आणि जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी, म्हणून इथे \d ऐवजी वरच्यासारखे कंसच वापरा.

दुसरी तपासणी दोन रकान्यांची एकमेकांशी. फोन नंबरासाठी ती पूर्णपणे यंत्राने होते. पहिल्या रकान्यातले आकडे इंग्रजी करा, रेघा, कंस आणि मोकळ्या जागा काढा, आणि दुसऱ्या रकान्याशी जुळतात का पाहा. खाली disle म्हणजे पहिल्या रकान्यातला नंबर.

```
t = str.maketrans("०१२३४५६७८९", "0123456789", " -/()")
s = disle.translate(t)
```

जिथे जुळत नाही तिथे कुणीतरी 'अर्थ' लिहिताना पाटीकडे न पाहता सवयीने लिहिलं आहे, किंवा १ चा 9 झाला आहे. मोबाईल नंबर दहापेक्षा कमी-जास्त अंकांचा निघाला तरीही फोटो पुन्हा पाहा. पाटी रंगवणाऱ्याचीच चूक असेल तर दोन्ही रकान्यांत ती तशीच राहील, फक्त शेऱ्यात 'मुळात नऊच अंक' असं लिहा.

तिसरी माणसांची. गठ्ठ्यातले दहा फोटो दुसऱ्याला द्या, आधीचं उत्तर न दाखवता. दोघांचे फक्त आकडे ताडून पाहा. मतभेद कुठल्या आकड्यांवर झाले याची यादी ठेवा. ती बहुतेक शून्य, हाताचा २ आणि शिक्क्यातला १ यांचीच निघेल, आणि पुढचा गठ्ठा सुरू करण्याआधी तेवढ्यावरच दोघांनी दहा मिनिटं बसायला हवं.

लोकांचे नंबर

दुकानाच्या पाटीवरचा नंबर लोकांनी फोन करावा म्हणूनच लावलेला असतो. लग्नपत्रिकेवरचा, पावतीवर पेनाने लिहिलेला किंवा भाड्याच्या खोलीच्या कागदावरचा नंबर तसा नसतो. गोळा केलेली माहिती दुसऱ्यांना द्यायची असेल तर असे नंबर झाका, पण झाकताना चौकट वापरू नका. चौकट म्हणजे वाचता न आलेला अंक. झाकलेल्या अंकासाठी × वापरा, प्रत्येक अंकासाठी एक, म्हणजे अंकांची संख्या टिकते. पहिले दोन अंक उघडे ठेवा: ९८×××××××× किंवा 98××××××××. तेवढ्यावरून माणूस ओळखता येत नाही, आणि नंबर कोणत्या लिपीत होता हे मात्र राहतं. 'अर्थ' रकान्यातही त्याच जागा झाका. पहिला झाकून दुसरा उघडा राहिला तर झाकण्याचा उपयोग शून्य. आणि फोटोची फाईल बरोबर जाणार असेल, तर फोटोतही तेवढी पट्टी बुजवा.